आधी गच्ची की आधी सोलर?
एकाच ग्राहकाच्या दारात उभ्या असलेल्या दोन व्यावसायिकांनी मिळून वेबिनार कसा घ्यावा

गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीत सोलरचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, "गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी करायचं की पॅनेल आधी बसवायची?" सोलर बसवणारा म्हणतो, आमच्या स्ट्रक्चरमुळे गच्चीला काही होत नाही. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, तिथं कोणी ड्रिल मारलं तर माझी गॅरंटी संपली. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण कमिटीच्या हाती उत्तर पडत नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो आणि दोघांचंही काम लांबतं.

हे दोघं एकमेकांचे स्पर्धक नाहीत. त्यांचा ग्राहक एकच आहे, सोसायटीची कमिटी. त्यांनी मिळून तासाभराचा वेबिनार घेतला तर कमिटीला उत्तर मिळेल आणि दोघांनाही नवे ग्राहक मिळतील. तरीही असे प्रस्ताव बहुतेक वेळा "आपण मिळून काहीतरी करू या" इथं सुरू होतात आणि "बघू, नक्की करू" इथं संपतात. "काहीतरी" या शब्दावर कोणी आपला वेळ आणि आपले ग्राहक लावत नाही, हे त्याचं कारण. एकत्र कार्यक्रमाचा प्रस्ताव उभा राहतो तो ग्राहकाच्या एखाद्या नेमक्या प्रश्नावर, आणि तोही असा प्रश्न, ज्याचं पूर्ण उत्तर दोघांपैकी एकट्याला देता येत नाही. तो कसा मांडायचा हे पाहण्यासाठी ठाणे-डोंबिवली भागात सोसायट्यांना सोलर बसवून देणारा एक छोटा व्यावसायिक डोळ्यासमोर ठेवू आणि त्याच्याबरोबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ.

जोडीदार कोण?

सुरुवात स्वतःच्याच कागदांपासून करावी. गेल्या वर्षभरात ज्या सोसायट्यांनी दरपत्रक मागवलं आणि काम दिलं नाही, त्यांची यादी काढायची आणि प्रत्येकीपुढे अडलं कशावर ते लिहायचं. पैसे नाहीत, सभासदांचं एकमत नाही, इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, गच्ची गळते. ज्या कारणावर आपल्याकडे उत्तर नाही पण दुसऱ्या एखाद्या व्यावसायिकाकडे आहे, तिथं जोडीदार सापडतो. आपल्या सोलरवाल्याच्या यादीत "आधी गच्ची करून घेऊ, मग बघू" हे वारंवार येत असेल तर त्याचा जोडीदार ठरल्यातच जमा आहे.

त्याच ग्राहकाकडे जाणारे इतरही असतात, पण सगळे चालत नाहीत. गच्चीवर पत्र्याची शेड घालणारा फॅब्रिकेटर वरकरणी शेजारचा वाटतो. प्रत्यक्षात तो त्याच जागेवर हक्क सांगत असतो आणि गळतीवर स्वतःचाच इलाज विकत असतो. सोसायटीचे ऑडिटर आणि वकील हेही त्याच कमिटीला ओळखतात. मात्र सनदी लेखापालांना आणि वकिलांना जाहिरात करून किंवा गळ घालून काम मिळवायला त्यांच्या व्यवसायाचे नियम मनाई करतात. त्यांना एखाद्या मुद्द्यावर बोलायला बोलावता येईल. एकत्र मार्केटिंगमधला भागीदार म्हणून पोस्टरवर त्यांचं नाव छापणं त्यांनाच अडचणीचं ठरेल.

जोडीदार निवडण्याआधी त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्या दोन गच्च्या पाहून याव्यात. तिथल्या सेक्रेटरींना एकच विचारावं : गळतीची तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांत आला? वॉटरप्रूफिंगमध्ये एखादी तक्रार येणं समजण्यासारखं आहे, पण फोन न उचलणं नाही. वेबिनारनंतर त्याच्या कामाची तक्रार आली तर ती आपल्याही नावावर पडणार आहे.

उत्तर आधी दोघांत जमलं पाहिजे

इथं बरेच जण घाई करतात. तारीख ठरते, पोस्टर होतं, आणि कार्यक्रमात पहिल्याच प्रश्नाला दोघं दोन उत्तरं देतात. म्हणून प्रस्ताव मांडणाऱ्याने विषयाची दुसरी बाजूही थोडी अभ्यासून जावं.

आपल्या उदाहरणात गाभा असा आहे. सोलर पॅनेलची उत्पादनाची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते. वॉटरप्रूफिंगची हमी बहुधा पाच ते दहा वर्षांची. म्हणजे पॅनेल जागेवर असतानाच गच्ची पुन्हा करायची वेळ येणार. एक किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते, म्हणून २० किलोवॅटच्या संचाखाली जवळजवळ २,००० चौरस फूट गच्ची झाकली जाते. ती पुन्हा उघडायची तर पॅनेल, स्ट्रक्चर, वायरिंग सगळं उतरवावं लागतं. त्यामुळे जुना ब्रिकबॅट कोबा पोकळ वाजत असेल, वरच्या मजल्याच्या छताला ओल असेल, तर आधी गच्ची हे उघड आहे.

पण "आधी गच्ची" एवढंच म्हणून भागत नाही. गच्ची पूर्ण करून वॉटरप्रूफिंगवाला निघून गेला आणि सोलरवाल्याने त्यावर आपले काँक्रीटचे पेडेस्टल ओतले किंवा अँकर ठोकले, तर नव्या थराला छेद जाण्याचा धोका राहतो. बरा क्रम असा : सोलरवाल्याने पॅनेलची मांडणी आधी कागदावर द्यायची. स्ट्रक्चरल इंजिनिअरने वजन आणि वारा तपासायचा. पेडेस्टल आधी ओतायचे. मग वॉटरप्रूफिंग करताना थर पेडेस्टलच्या अंगावर चढवून घ्यायचा आणि पॅरापेटच्या कडेला घालतात तसा वाटा त्यांच्याही बुडाशी घालायचा. त्यानंतर गच्चीत ४८ ते ७२ तास पाणी साठवून पाँडिंग टेस्ट, आणि ती पास झाल्यावरच स्ट्रक्चर उभं करायचं. स्ट्रक्चर झाल्यावर शक्य तिथं दुसरी टेस्ट घ्यायची. मग पुढं गळती निघाली तर ती कोणाच्या कामानंतर सुरू झाली हे दोघांच्या सहीच्या कागदावर दिसतं.

हा क्रम दोघं एकत्र बसल्याशिवाय ठरत नाही. मांडणीचा नकाशा सोलरवाल्याकडे असतो, थर कुठं आणि किती चढवायचा हे वॉटरप्रूफिंगवाल्याला माहीत असतं. वेबिनारचा विषय यातूनच निघतो, आणि प्रस्तावाची ताकदही.

पहिला निरोप

आता प्रस्ताव. पहिल्याच वेळी दहा पानांचं प्रेझेंटेशन पाठवू नये. छोटा ठेकेदार ते उघडत नाही आणि मोठी कंपनी ते मार्केटिंग विभागाकडे ढकलते. दोघांच्या ओळखीचा कोणी असेल तर आधी त्याच्याकडून एक फोन, आणि त्यानंतर असा निरोप :

"नमस्कार साहेब. मी ठाणे-डोंबिवली भागात हाउसिंग सोसायट्यांना सोलर बसवून देतो. तुम्ही केलेल्या दोन गच्च्या पाहिल्या, तिथले सेक्रेटरी तुमच्याबद्दल चांगलं बोलले. यंदा पाच कमिट्यांनी मला विचारलं, आधी गच्ची की आधी सोलर? त्याचं अर्धं उत्तर तुमच्याकडे आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी सकाळी आपण दोघांनी मिळून यावर तासाभराचा मराठी वेबिनार घ्यावा असं वाटतं. पंधरा मिनिटं तुम्ही, पंधरा मिनिटं मी, बाकी प्रश्नोत्तरं. झूमचा खर्च, पोस्टर आणि नोंदणीचा फॉर्म माझ्याकडे. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात : तुमच्या जुन्या सोसायट्यांना तुमच्या नावाने दोन निरोप, आणि पाँडिंग टेस्टचे काही फोटो. तुमच्या ग्राहकांचे नंबर मला नकोत. या आठवड्यात साइटवर येऊन वीस मिनिटं भेटलो तर चालेल का?"

या निरोपातलं प्रत्येक वाक्य एका शंकेला उत्तर देतं. हा माणूस कोण, याला माझं काम माहीत आहे का, माझा वेळ किती जाणार, पैसे किती लागणार, आणि बोलून न दाखवलेली सगळ्यात मोठी शंका, हा माझे ग्राहक घेऊन जाईल का. "नंबर मला नकोत" हे वाक्य म्हणूनच सगळ्यात मोलाचं आहे. शेवटी मागितलं आहे ते वीस मिनिटांच्या भेटीपुरतं, तेही त्याच्या जागेवर. होकार द्यायला सोपी गोष्ट आधी मागावी.

"आपल्या दोघांनाही खूप फायदा होईल" असं एकही वाक्य त्यात नाही, हेही लक्षात घ्यावं. फायद्याचा हिशोब भेटीत, कागदावर मांडायचा.

तारीख उलटी मोजायची

निरोपात जुलैच का? ग्राहक निर्णय कधी घेतो यावर ते ठरतं. महाराष्ट्रात सहकारी संस्थांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. ठरावीक मर्यादेपलीकडचा दुरुस्तीखर्च कमिटीला या सभेच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. सभेची नोटीस चौदा दिवस आधी विषयपत्रिकेसह जाते. त्याआधी दरपत्रकं मागवायला, पाहणी करून घ्यायला तीन-चार आठवडे हवेत, आणि मध्ये गणपती येतात. हे सगळं उलटं मोजलं की वेबिनार जुलैअखेरपर्यंत व्हायला हवा आणि प्रस्ताव मे-जूनमध्ये जायला हवा. जुलैत पाऊस असल्याने गळतीही डोळ्यांसमोर असते. प्रत्यक्ष काम पावसाळा सरल्यावर सुरू होतं. हाच वेबिनार ऑक्टोबरमध्ये घेतला तर बरेच ऐकणारे "छान माहिती" म्हणतील आणि विषय पुढच्या सभेची वाट पाहत राहील.

भेटीत मांडायचा हिशोब असा असू शकतो. आकडे गृहीत आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. सोलरवाल्याच्या संपर्कात १५० सोसायट्या, वॉटरप्रूफिंगवाल्याच्या २२०, दोघांत सामाईक २०. म्हणजे निमंत्रणं ३५० सोसायट्यांना. त्यातल्या ५० नोंदणी करतील, प्रत्यक्ष २० ते २५ येतील. नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्मेच येतात असं धरूनच चालावं. त्यातल्या सहा सोसायट्यांनी गच्चीची पाहणी मागितली आणि दोघींनी सभेत ठराव केला, तर दोघांनाही प्रत्येकी दोन कामं मिळाली. मोजणी माणसांची करू नये, सोसायट्यांची करावी. एकाच कमिटीचे चौघं आले तरी ग्राहक एकच.

नावं आणि नंबर कोणाचे?

भागीदारी बिघडते ती बहुधा इथं, म्हणून हे तोंडी ठेवू नये. एक पान पुरतं. त्यात पहिलं कलम निमंत्रणाचं : प्रत्येकाने आपल्या ग्राहकांना स्वतःच्या नावाने निमंत्रण द्यायचं, याद्या एकमेकांना द्यायच्या नाहीत. दुसरं नोंदणीचं. फॉर्ममध्ये स्वच्छ मराठीत लिहायचं की हा कार्यक्रम अमुक आणि तमुक या दोन व्यवसायांचा आहे, आणि पुढच्या संपर्कासाठी दोन वेगळी चौकोनं ठेवायची : "सोलरबद्दल मला संपर्क करावा" आणि "वॉटरप्रूफिंगबद्दल मला संपर्क करावा". दोन्ही रिकामी असायला हवीत; टिक ज्याची त्याने करायची. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, २०२३ मध्ये संमतीची कल्पना हीच आहे : माहिती कशासाठी घेतली जाते हे आधी सांगायचं, आणि माणसाने स्वतः स्पष्टपणे दिलेला होकारच होकार मानायचा. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. छोट्या व्यावसायिकांनी ही सवय आत्ताच लावून घ्यावी.

तिसरं कलम कमिशनचं. कामामागे एकमेकांना काही टक्के द्यायचं ठरवलं असेल तर ते कमिटीपासून लपवू नये. सोसायटीचा पैसा सगळ्या सभासदांचा असतो. पुढं कोणी सभेत उभं राहून विचारलं की "याने त्याचं नाव सुचवलं, मध्ये काही होतं का?", तर कमिटीलाही उत्तर देता आलं पाहिजे. एकत्र वेबिनारसाठी कमिशन नसलेलंच बरं. तसं असेल तर कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच "आम्ही एकमेकांना कमिशन देत नाही, तुम्ही दुसऱ्या कोणाकडूनही काम करून घेऊ शकता" असं सांगता येतं, आणि त्या एका वाक्याने ऐकणारा मोकळा होतो.

बिघडतं कुठं, आणि वेळेत कसं कळतं

सगळ्यात नेहमीची अडचण म्हणजे एक जण मनापासून निमंत्रणं पाठवतो आणि दुसरा एकदाच स्टेटस ठेवून थांबतो. ती कार्यक्रमानंतर कळली तर भांडण होतं. म्हणून नोंदणीच्या दोन वेगळ्या लिंक कराव्यात, किंवा फॉर्ममध्ये "निमंत्रण कोणाकडून आलं?" असा प्रश्न ठेवावा. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी दोघांनी आकडे एकत्र पाहायचे. एका बाजूची नोंदणी अगदीच कमी असेल तर तेव्हाच फोन करायचा, आणि तक्रार न करता मदत द्यायची : "निरोप मी लिहून देतो, तुम्ही फक्त तुमच्या नावाने पाठवा." बऱ्याचदा समोरच्याला काय लिहावं हेच सुचलेलं नसतं.

दुसरी अडचण तांत्रिक, पण हमखास येणारी. झूमच्या फुकट खात्यावर बैठक चाळीस मिनिटांत बंद होते, म्हणजे नेमकी प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर. एका महिन्याचं पैसे भरलेलं खातं घ्यावं आणि आदल्या दिवशी दोघांनी त्याच फोनवरून, त्याच इंटरनेटवर पंधरा मिनिटं रंगीत तालीम करावी. साइटवर वावरणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यासमोर बोलायची सवय नसते. त्याला भाषण करायला लावू नये. सूत्रसंचालकाने प्रश्न विचारावेत आणि त्याने फोटो दाखवत उत्तरं द्यावीत. दोन्ही कामं करून घेतलेल्या एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी सूत्रसंचालनाला मिळाले तर त्याहून चांगलं काही नाही; ऐकणारेही कमिटीवालेच असतात.

तिसरी अडचण विक्रीची घाई. तासभरात दोघांनी आपापल्या कंपनीची माहिती सांगितली तर लोक निघून जातात. कमिटीला सभेपुढं ठेवता येईल असं काहीतरी हातात हवं. म्हणून वेबिनारच्या शेवटी दोघांच्या नावाने एक पानाची यादी द्यावी : गच्चीची पाहणी करताना काय बघायचं, कामांचा क्रम कोणता, पाँडिंग टेस्ट कधी, दोन्ही हमीपत्रांत कोणतं वाक्य असायलाच हवं. शासकीय मदतीचा आकडाही नेमका द्यावा. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. मर्यादा घरामागे तीन किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट. २० किलोवॅटला ते ३,६०,००० रुपये होतं. हे अनुदान वॉटरप्रूफिंगला मिळत नाही, हेही त्याच वाक्यात सांगावं. नाहीतर सभेत कोणीतरी दोन्ही खर्च एकत्र धरून बसतं.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांत संपर्क झाला पाहिजे, आणि ज्यांनी दोन्ही चौकोनांवर टिक केली त्यांच्याकडे दोघांनी एकाच दिवशी, एकत्र जावं. कमिटीला दोन वेगळ्या भेटी, दोन वेगळ्या वेळा आणि पुन्हा दोन वेगळी उत्तरं मिळाली तर वेबिनारने जोडलेलं सगळं तिथंच सुटतं.

नकार आला तर

समोरच्याने "आत्ता नको" म्हटलं तर वेबिनार बाजूला ठेवून तीच एक पानाची यादी मांडावी : "ही मी लिहिली आहे. गच्चीचा भाग तुम्ही तपासून द्याल का? तुमचं नाव खाली टाकतो." यात त्याचा अर्धा तास जातो, आणि दोघंही ती आपापल्या दरपत्रकाला जोडू शकतात. एकत्र मार्केटिंगची ही लहान पण पूर्ण पायरी आहे. त्या यादीमुळे दोन-चार कमिट्यांचा प्रश्न सुटला की पुढच्या जूनमधला निरोप बहुधा त्याच्याकडूनच येतो.

आणि यादी तपासतानाच लक्षात आलं की पेडेस्टल आधी की थर आधी, यावर तो आपल्याशी सहमत नाही आणि कारणही देत नाही, तर तिथंच थांबावं. ज्याच्याशी बंद खोलीत एका उत्तरावर येता आलं नाही, त्याच्या शेजारी बसून वीस-पंचवीस कमिट्यांना उत्तर द्यायला जाऊ नये. दुसरा जोडीदार शोधायला वेळ लागेल, पण कमिटीला चुकीचा क्रम सांगितला तर तो त्या गच्चीवर पंचवीस वर्षं राहतो.